तीन कामे, बारा पाने

भाचीने पाठवलेली फाइल ४८ एमबीची होती. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडून जात नाही, म्हणून तिने ती ड्राइव्हवर ठेवली आणि मला लिंक पाठवली. मी लिंक उघडली, तर ही फाइल पाहायची परवानगी तुम्हाला नाही, असा मजकूर समोर आला. मी परवानगी मागितली. तिने ती रात्री बाळ झोपल्यावर दिली. फाइल माझ्यासमोर आली तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ झाली होती.

मी तिची खाला आहे, म्हणून थांबले. पुण्यात गेली अठरा वर्षे मी पुस्तकांची आणि पॅकिंगची डिझाइन करून घेते. बाहेरच्या डिझायनरला काम द्यायचे असले की माझ्याकडे अशा फाइली येतात. जी फाइल उघडत नाही, तिच्या मालकाला मी सहसा फोन करत नाही. खरे सांगायचे तर कोणीच करत नाही.

भाची सोलापूरची. कमर्शियल आर्टचा डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षे तिने एका फ्लेक्सच्या दुकानात काम केले, मग निकाह झाला आणि बाळ झाले. आता घरात एक लॅपटॉप आहे आणि दुपारचे चार-पाच तास मोकळे मिळतात. मुलांची सराव-पुस्तके काढणाऱ्या पुण्यातल्या एका प्रकाशकाला घरबसल्या काम करणारी, मराठी आणि उर्दू दोन्ही लिपी सांभाळणारी डिझायनर हवी होती. त्यांनी तिच्याकडे पोर्टफोलिओ मागितला. म्हणजे आपली निवडक कामे दाखवणारी, एकेक पान सरकवत बघायची फाइल. या धंद्यात तिला डेक म्हणतात. भाचीने मला विचारले, "खाला, पाठवण्याआधी एकदा तुम्ही बघाल का?"

तिच्या फाइलमध्ये ३४ पाने होती. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, दवाखान्याची पाटी, बिर्याणीवाल्याचे मेनू कार्ड, ईदच्या शुभेच्छा, निवडणुकीतल्या उमेदवाराचा फ्लेक्स. प्रत्येक पानावर एक चित्र आणि खाली कामाचे नाव. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात 'धन्यवाद'. काम वाईट नव्हते, काही पाने तर चांगलीच होती. पण ३४ पाने बघूनही मला एक गोष्ट कळली नाही. या मुलीला एखादी अडचण सांगितली तर ती काय करते? काम देणारा तेवढेच शोधत असतो. सुबक चित्र तर कोणाचेही कोणीही चिकटवू शकतो.

मी तिला सांगितले, "बेटा, यातली तीनच कामं ठेव. ज्यांच्याबद्दल तू मला दहा मिनिटं बोलू शकशील, ती तीन."

तिला ते पटले नाही. "इतकी मेहनत केली, ती दाखवायची नाही?" हे मी जवळजवळ प्रत्येक नव्या डिझायनरच्या तोंडून ऐकले आहे. मी तिला फोनवर एकेका कामाबद्दल बोलायला लावले. बॅनरबद्दल ती दोन वाक्यांत थांबली. उमेदवाराच्या फ्लेक्सबद्दल तर म्हणाली, "त्यांनी जे फोटो दिले ते लावले." पण मोहल्ल्यातल्या मशिदीसाठी केलेल्या रमजानच्या वेळापत्रकाचा विषय निघाला आणि ती वीस मिनिटे बोलत राहिली. पहिले काम आपोआप ठरले.

ते वेळापत्रक २०२५ च्या रमजानसाठी होते. आपल्या सर्वांच्या घरी असे कार्ड येते. चारी बाजूंनी जाहिराती आणि मधे बारीक अक्षरात तक्ता: रोजा क्रमांक, वार, तारीख, सहरीची शेवटची वेळ, इफ्तारची वेळ. कमिटीने जुने कार्ड तिच्या हातात देऊन सांगितले होते, "हेच, फक्त नवीन वेळा टाका." तिने ते घरी आणून सासूबाईंना दाखवले. त्या चष्मा लावूनही बोट ठेवल्याशिवाय ओळ धरू शकत नव्हत्या आणि बोट एक ओळ खाली घसरले की दुसऱ्याच दिवसाची वेळ वाचत होत्या.

दुसरी अडचण चंद्राची होती. कार्ड छापायला जाणार फेब्रुवारीच्या मध्यात आणि पहिला रोजा १ मार्चला की २ मार्चला, हे २८ फेब्रुवारीच्या संध्याकाळशिवाय कळणार नाही. जुन्या कार्डावर रोजा क्रमांक आधीच छापलेला असायचा. अंदाज चुकला की महिनाभर लोक मनात एक वजा करत कार्ड वाचायचे. कोणी तारीख बघायचे, कोणी क्रमांक, आणि घरात वाद.

भाचीने इथे जो विचार केला तो मला फार आवडला. सहरी-इफ्तारची वेळ सूर्यावर ठरते, म्हणजे ती इंग्रजी तारखेला बांधलेली आहे. रोजाचा क्रमांक चंद्रावर ठरतो. मग दोन्ही आधीच एकमेकांना का जोडायचे? तिने १ ते ३१ मार्च अशा ३१ ओळी घेतल्या, कारण चंद्र केव्हाही दिसला तरी सगळे रोजे त्यातच बसणार होते. तारीख आणि वार ठळक केले आणि क्रमांकाच्या जागी एक रिकामा चौकोन सोडला. पहिल्या रोजाला घरातल्याच कोणीतरी तिथे पेनने १ लिहायचे. पुढे प्रत्यक्षात रोजे २ मार्चला सुरू झाले आणि ३१ ला ईद झाली. १ मार्चचा आणि ३१ मार्चचा चौकोन कोरा राहिला, बाकी काही बिघडले नाही.

हे सगळे तिच्या पहिल्या फाइलमध्ये कुठे होते? कुठेच नाही. तिथे फक्त तयार कार्डाचे चित्र होते आणि खाली 'रमजान टाइम टेबल'.

आम्ही त्या एका कामाला तीन पाने दिली. पहिल्या पानावर जुन्या कार्डाचा फोटो, त्यावर सासूबाईंचे बोट, आणि बाजूला अडचण सांगणारी दोन वाक्ये. दुसऱ्या पानावर तिने काय करून पाहिले ते. तिच्या वहीत पेन्सिलचे चार कच्चे आराखडे होते. तिला ते दाखवायची लाज वाटत होती, कारण रेषा वेड्यावाकड्या होत्या. मी म्हटले, तेच हवे आहेत. एका आराखड्यात तिने प्रत्येक ओळीखाली रेघ मारली होती. तक्ता जाळीसारखा दिसू लागला आणि नजर अजूनच अडकली, म्हणून तो तिने सोडून दिला. दुसऱ्यात एक ओळ पांढरी, एक ओळ फिकट राखाडी असे पट्टे घेतले आणि शुक्रवारची ओळ गडद केली. ७, १४, २१, २८ या चार गडद ओळींमुळे नजरेला टेकायला जागा मिळाली. छापला गेला तो हाच. सोडून दिलेला आराखडा आणि तो सोडण्याचे कारण, हे शेजारी शेजारी ठेवले की माणूस विचार कसा करतो ते बघणाऱ्याला दिसते. नुसता तयार नमुना ते सांगत नाही.

याच पानावर तिने एक गोष्ट घालायला नको म्हटली होती आणि मी हट्टाने घातली. इमामसाहेबांनी वेळा हाताने लिहून दिल्या होत्या. ३१ ओळी, प्रत्येकी दोन वेळा, म्हणजे ६२ आकडे तिने टाइप केले. तपासताना तिने एक साधी युक्ती वापरली. मार्च महिन्यात सोलापुरात सहरीची वेळ रोज थोडी थोडी आधी सरकते आणि इफ्तारची थोडी थोडी पुढे, रोज साधारण एखादा मिनिट किंवा त्याहून कमी. म्हणून रकाना वरून खाली वाचत जायचे. कुठे आकडा एकदम उडी मारतो किंवा उलटा फिरतो, तिथे चूक आहे. महिन्याच्या मध्यावर तिला ५:२४ च्या जागी ५:४२ सापडले. टाइप करताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. फरक १८ मिनिटांचा. ते तसेच छापले गेले असते, तर कार्ड बघून सहरी करणाऱ्या घरांचा त्या दिवशीचा रोजाच गेला असता.

"पण खाला, ही तर माझीच चूक. ती कशाला दाखवायची?"

चूक तिची होती, पकडलीही तिनेच, आणि पकडण्याची पद्धत तिच्याकडे होती. सराव-पुस्तकात गणिताची शेकडो उत्तरे छापली जातात. तिथल्या संपादकाला यापेक्षा कामाची दुसरी कोणती माहिती असेल? आम्ही त्या रकान्याचा फोटो घेतला आणि ५:४२ भोवती लाल वर्तुळ तसेच ठेवले.

शहराचे नाव मोठे का, हेही तिने एका ओळीत लिहिले. कार्डे पाहुण्यांबरोबर गावोगावी जातात. पुणे सोलापूरच्या पश्चिमेला रेखांशाने साधारण दोन अंश आहे आणि एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तिथे सूर्य सुमारे आठ मिनिटे उशिरा मावळतो. मुंबईत सुमारे बारा मिनिटे उशिरा. सोलापूरचे कार्ड पुण्याच्या फ्रिजवर लागले तर इफ्तार सूर्यास्ताआधीच होईल. म्हणून 'फक्त सोलापूर शहरासाठी' हे शब्द तिने तळाच्या बारीक टीपेतून उचलून डोक्यावर आणले.

तिसरे पान निकालाचे. इथे बहुतेक जण फसतात. तिने आधी लिहिले होते, 'कमिटी खूप खूश झाली', आणि पुढे पाच तारे. मी विचारले, कशावरून? तिच्याकडे उत्तर नव्हते. मग एका संध्याकाळी तिने शेजारच्या पाच बायकांना, त्यातल्या तिघी साठीच्या पुढच्या, जुने आणि नवे कार्ड आलटून पालटून दिले आणि १८ तारखेची इफ्तार किती वाजता, एवढेच विचारले. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ घेतला. जुन्या कार्डावर दोघींनी चुकीची ओळ वाचली. नव्यावर एकीनेही नाही, आणि पाचही जणींना कमी वेळ लागला. निकालाच्या पानावर आम्ही एवढेच लिहिले: पाच जणींना विचारले, जुन्यावर दोन चुका, नव्यावर शून्य. टक्केवारी काढली नाही. पाच माणसांची टक्केवारी काढून '४० टक्के सुधारणा' लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. जाणकार बघणारा तिथेच फाइल बंद करतो. शेजारी फोटो लावला तो एका घरच्या फ्रिजचा: चुंबकाखाली कार्ड आणि रिकाम्या चौकोनांत एका लहान मुलाने रंगीत पेनने लिहिलेले आकडे. तयार साच्यात बसवलेल्या कोणत्याही गुळगुळीत चित्रापेक्षा हा फोटो जास्त बोलतो. इंटरनेटवर फुकट मिळणारे ते साचे, तोच टेबल, तोच कॉफीचा मग, आम्ही इतक्यांदा बघतो की कामापेक्षा मग आधी ओळखू येतो.

दुसरे काम लग्नपत्रिका. सोलापुरात एकाच कार्डावर उर्दू आणि मराठी लागतेच. दोन्ही लिपी एका ओळीत शेजारी शेजारी बसवल्या की कार्ड डगमगल्यासारखे दिसते. देवनागरी अक्षर वरच्या शिरोरेषेला लटकते. नस्तालिकमधला शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे उतरत जातो, त्यामुळे त्याला खाली-वर बरीच जास्त जागा लागते. देवनागरीच्या ओळींमधले अंतर उर्दूला दिले तर वरच्या ओळीच्या शेपट्या खालच्या ओळीच्या नुक्त्यांत घुसतात. भाचीने भांडण सोडवले ते दोघांना वेगळी घरे देऊन. एका घडीचे कार्ड, एका बाजूने उजवीकडून उघडणारे उर्दू, उलटे केले की डावीकडून उघडणारे मराठी. अडचणीच्या पानावर तिने आधीचा घुसमटलेला नमुना आणि नंतरचा असे दोन तुकडे मोठे करून दाखवले. समजावून सांगायला शब्द जवळजवळ लागलेच नाहीत.

त्या पत्रिकेत एक निर्णय आणखी होता. घरच्यांना वर कुरआनची आयत हवी होती. तिने मुलीच्या अब्बांना विचारले, लग्नानंतर ही शेकडो कार्डे कुठे जातील? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, आयत नको. त्या जागी तिने जाळीची साधी नक्षी घेतली. हे डेकमध्ये लिहावे की नाही, यावर आमचे मतभेद झाले. मला वाटत होते की ही त्या घरची गोष्ट आहे. तिचे म्हणणे, सराव-पुस्तके उर्दू शाळांतही जाणार आहेत, रद्दीचा प्रश्न तिथेही येणार. तिचेच खरे होते. घरच्यांची परवानगी घेऊन, नावे, तारीख आणि पत्ता पुसून ते पान ठेवले. पुसणे विसरू नये. कोणाच्या मुलीच्या लग्नाचे ठिकाण आणि घरचा फोन नंबर आपल्या जाहिरातीत फिरता कामा नये.

तिसरे काम घरी नानखटाई करणाऱ्या एका बाईंच्या डब्याचे लेबल. यावर मी थोडक्यात लिहिते, कारण त्याची खरी गोष्ट एका चौकोनाएवढीच आहे. लेबलवर काय काय हवे याची यादी सरळ असते: पदार्थाचे नाव, घटक जास्तीकडून कमीकडे, निव्वळ वजन, किंमत, शाकाहारी असल्याचे हिरवे चिन्ह, बनवणाऱ्याचा पत्ता, एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक, बॅच, तारीख. भाचीने सगळे नीट बसवले आणि लेबलवर चकचकीत लॅमिनेशन घेतले. पहिली ५०० लेबले छापून आली. बाईंनी तारखेचा शिक्का मारला आणि बोट लागताच शाई पुसली गेली. गुळगुळीत प्लास्टिकवर साध्या शिक्क्याची शाई धरत नाही. लेबले वाया गेली. त्यातला अर्धा खर्च भाचीने स्वतःच्या फीमधून सोसला. दुसऱ्या वेळी लॅमिनेशन काढून साधा कागद घेतला आणि शिक्क्यासाठी पांढरा चौकोन मोकळा ठेवला.

तिला हे काम डेकमधून काढायचे होते. मी ठेवायला सांगितले, पण एका अटीवर: नुकसान कोणी भरले तेही लिही. निकालाच्या पानावर दोन लेबलांचे फोटो आले, एकावर फरपटलेली शाई, दुसऱ्यावर स्वच्छ तारीख. खिडकीजवळ, दुपारच्या उजेडात, फ्लॅश न लावता, राखाडी चादरीवर ठेवून काढलेले. एवढ्या तयारीवर मोबाइलचा फोटोही पुरतो.

या तिन्हींत नसलेले एक काम तिला मनापासून घालायचे होते. फ्लेक्सच्या दुकानात असताना झालेले एका मोठ्या शोरूमचे होर्डिंग. ३४ पानांतले सर्वांत देखणे पान तेच होते. मी विचारले, यात तुझे काय? कल्पना मालकांची, फोटो बाहेरून आलेले, तिने मराठी अक्षरे बसवली होती. असे काम दाखवता येत नाही असे नाही. 'माझा वाटा: मराठी अक्षरजुळणी' असे स्पष्ट लिहून आणि दुकानाला विचारून दाखवता येते. तिने विचारायला फोन केला, मालकांनी नाही म्हटले, पान गेले. तिला वाईट वाटले. पण दुसऱ्याचे काम आपल्या नावावर खपवले तर ते अमानतीत खयानतच, आणि शहर लहान असते. त्याच मालकाकडे उद्या तो प्रकाशक चौकशी करणार नाही, हे कशावरून?

आता पाने जुळवण्याचे. मुखपृष्ठ एक, प्रत्येक कामाची तीन, म्हणजे दहा. अकरावे पान कामाच्या पद्धतीचे, बारावे संपर्काचे. फाइल बघणारा बहुधा फोनवर बघतो, हे लक्षात घेऊन अक्षराचा आकार ठरवला. पान १९२० पिक्सेल रुंद असेल आणि फोन उभा धरला असेल, तर ते पान साधारण साडेसहा सेंटिमीटरमध्ये येते. तिने आधी घेतलेले २४ पिक्सेलचे अक्षर तिथे एक मिलिमीटरही उरत नव्हते. आम्ही ४८ च्या खाली गेलो नाही. त्यामुळे एका पानावर चाळीसेक शब्दांपेक्षा जास्त मावेनात आणि लांबलेली वाक्ये आपोआप गळली.

फाइल पीडीएफच पाठवायची. तिच्याकडे पॉवरपॉइंटची फाइल होती. ती मी माझ्या संगणकावर उघडली तेव्हा तिचा फाँट माझ्याकडे नसल्याने ओळी तुटल्या आणि नस्तालिकच्या जागी साधी अरबी वळणाची अक्षरे आली. पीडीएफमध्ये फाँट आत बांधून जातो. तरीही दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून पाहावे, आणि पाहताना जोडाक्षरांवर नजर ठेवावी. 'प्रश्न', 'विद्यार्थी' असे शब्द शोधायचे. पाय मोडलेली अक्षरे सुटी पडली असतील किंवा पहिली वेलांटी चुकीच्या अक्षरावर गेली असेल, तर फाइल पुन्हा काढायची. मराठी डिझायनरच्या डेकमध्ये मराठीच मोडलेली दिसली तर पुढचे कोण वाचणार? फोटो १९२० पिक्सेल रुंदीला आणल्यावर ४८ एमबीची फाइल ६ एमबीची झाली. ईमेललाच जोडली गेली, लिंक नको, परवानगी नको. तिचे मूळ नाव होते `final_new_2(3).pdf`. ते बदलून तिचे नाव, शहर आणि वर्ष ठेवले.

अकराव्या पानावर चार ओळी: मजकूर पक्का करून द्यावा, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या फीमध्ये धरलेल्या आहेत, अर्धी फी आधी, शेवटच्या प्रूफवर ग्राहकाची सही. दर लिहिला नाही. फाइल वर्षानुवर्षे फिरते आणि जुना दर गळ्यात पडतो. तिला आणखी एक ओळ हवी होती, दारूच्या आणि व्याजाच्या धंद्याची कामे घेत नाही अशी. भावना रास्त आहे, मीही घेत नाही. पण मुलांच्या पुस्तकाच्या प्रकाशकाला ती ओळ अकारण बोचेल. असे काम आले तर फोनवर नम्रपणे नाही म्हणता येते. ती ओळ तिने काढली.

बाराव्या पानावरून मात्र घरात चर्चा झाली. जावई म्हणाले, माझा नंबर द्या, अनोळखी लोकांचे फोन तिला कशाला? त्यांची काळजी मला समजते. पण ते दिवसभर कामावर असतात. 'आठव्या पानाचा फोल्ड डावीकडे घ्या' असा निरोप त्यांच्यामार्फत आला तर संध्याकाळपर्यंत त्याचे काय होईल? शेवटी कामासाठी वेगळे सिम घेतले आणि वेळ छापली: सकाळी ११ ते दुपारी ४. त्यानंतर तो फोन बंद. घरचा पत्ता नाही, फक्त 'सोलापूर'. ईमेल असा ठेवला की बोट लावताच पत्र लिहायची चौकट उघडते. क्यूआर कोड होता तो काढला. फाइल ज्या फोनवर उघडली आहे त्याच फोनने तो स्कॅन कसा करायचा? आणि 'धन्यवाद'च्या जागी एक वाक्य आले: 'मराठी आणि उर्दू, दोन्ही लिपींतली पुस्तके, कार्डे आणि लेबले मी घरून करते.'

फाइल तीन ठिकाणी गेली. दोन ठिकाणांहून उत्तर आले नाही. प्रकाशकाच्या संपादकबाईंचा फोन तिसऱ्या दिवशी साडेअकराला आला. पत्रिकेबद्दल त्यांनी काही विचारले नाही. पहिला प्रश्न होता, "ते ५:४२ तुम्हाला कसं सापडलं?" दुसरा, लेबलचे अर्धे पैसे खरेच तुम्ही भरले का? मग त्यांनी आठ पाने चाचणीसाठी दिली, बेरजेच्या गणितांची, मराठी आणि उर्दू. उर्दूच्या पानात तिची एक चूक निघाली. मजकूर उजवीकडून सुरू होतो तशी तिने उभी गणितेही उलटी केली होती. त्यांनी खूण करून परत पाठवले, तिने दुरुस्त केले. आता पहिले पुस्तक चालू आहे, ६४ पानांचे.

परवा तिचा फोन आला. पुस्तक छापून आले की तेही डेकमध्ये घालायचे आहे, तर मग चार कामे होतील, चालेल का? मी म्हटले, तीनच. मग कोणते काढू, यावर ती अडली आहे. पत्रिका काढायला मन होत नाही, वेळापत्रक तर ठेवायचेच, आणि नानखटाईच्या बाई तिला दर महिन्याला एक डबा पाठवतात.